फाइलीसोबतची चिठ्ठी

ऑनलाइन घेतलेली साडी परत पाठवताना गिऱ्हाईक कारण लिहितं, ‘फोटोत रंग वेगळा होता’. विकणाऱ्यांना हे वाक्य पाठ असतं. येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकूंनी नव्या कॅटलॉगचे फोटो माझ्याकडे रिटचिंगला दिले, तेव्हा पैशांचं बोलणं व्हायच्या आधीच त्यांनी हा विषय काढला. “फोटो तू छान करशीलच गं,” त्या म्हणाल्या, “पण रंग आम्हाला नंतर थोडा इकडेतिकडे करता आला पाहिजे. तीच साडी पुन्हा विणायला घेतली आणि रेशीम दुसऱ्यांदा रंगवून आलं, की छटा जराशी हलतेच. दर वेळी तुला कुठे फोन करत बसायचा?”

मागणी रास्त होती आणि ती पुरी करणं अवघडही नाही. मात्र त्यासाठी जेपेग फोटो देऊन चालत नाही. जेपेगमध्ये साफसफाई, उजेड, रंग असं सगळं एकाच सपाट चित्रात मुरलेलं असतं, आणि त्यातला रंग हलवायचा तर साडीसोबत पार्श्वभूमी, जर, मॉडेलचा हात हे सगळंच हलतं. म्हणून मी त्यांना फोटोशॉपच्या थरांसकट पीएसडी फाइली दिल्या आणि सोबत एक पानाची चिठ्ठी लिहिली. या धंद्यात अशी चिठ्ठी सगळेच लिहितात असं नाही. पुष्कळ जण थरांची फाइल देतच नाहीत, किंवा तिचे वेगळे पैसे लावतात, आणि त्यात गैर काही नाही. पण फाइल दिली आणि चिठ्ठी दिली नाही, तर घेणाऱ्याला चाळीसेक थरांची उतरंड समोर दिसते आणि तो बिचारा नेमका नको त्या थराला हात घालतो.

चिठ्ठी अशी सुरू होते:

‘काकू, सप्रेम नमस्कार. प्रत्येक फाइलीत खालून वर पाच कप्पे आहेत. `0_MUL` म्हणजे फोटोग्राफरकडून आलेला फोटो, जसाच्या तसा. `1_SAFAI` मध्ये सुटे दोरे, टाचण्या आणि घडीच्या रेघा काढल्या आहेत. `2_PRAKASH` मध्ये उजेड-सावली सारखी केली आहे. `3_RANG` मध्ये मी साडी समोर ठेवून जुळवलेला रंग आहे. सगळ्यात वरचा `4_TUMCHE` तुमच्यासाठी मोकळा ठेवला आहे. भाच्याला सांगा, हात लावायचा तो फक्त याच कप्प्याला.’

यातल्या रंगाच्या कप्प्यांत फोटोचा एकही ठिपका नाही. त्यांत आहेत ते अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे खालच्या चित्रावर कोणता बदल करून दाखवायचा एवढीच सूचना लिहून ठेवणारे थर. फोटोवर रंगीत जिलेटीन कागद धरला की खालचं सगळं त्या रंगात दिसतं, कागद उचलला की फोटो होता तसाच. हे थर तसंच काम करतात. फोटोशॉपमध्ये थर आले ते १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. अ‍ॅडजस्टमेंट लेयर आले १९९६ साली, चौथ्या आवृत्तीत. त्याआधी रंग बदलला की तो चित्रातच लिहिला जायचा, आणि फाइल जपून बंद केली की जुना रंग गेलाच. या पद्धतीला आमच्यात नॉन-डिस्ट्रक्टिव्ह म्हणतात. मूळ फोटोला धक्का न लावता काम करायचं, इतकाच त्याचा अर्थ.

माझा रंग आणि त्यांचा रंग असे दोन वेगळे कप्पे कशाला, असं भाच्यानं विचारलं होतं. माझ्याच थरातले आकडे त्यानं बदलले असते, तर सहा महिन्यांनी मी काय दिलं होतं आणि त्यांनी काय हलवलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. `4_TUMCHE` मधले सगळे आकडे मी शून्यावर ठेवून देते. त्या कप्प्याशेजारचा डोळा मिटला की माझी दिलेली फाइल पुन्हा जशीच्या तशी समोर येते. भांडणाची वेळ आली तर निकाल एका क्लिकमध्ये लागतो.

आता एक साडी घेऊ. क्रमांक १४, रामा रंगाचं अंग, राणी रंगाचा काठ, पदरावर जरीचे मोर आणि अंगभर बारीक जरीची बुट्टी. `4_TUMCHE` उघडलं की आत रंगाचे तीन थर दिसतात, `ANG`, `KATH` आणि `JAR`. तिन्ही `Hue/Saturation` प्रकारचे. प्रत्येकाला एक मास्क जोडलेला आहे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगातलं एक छोटं चित्र. मास्क जिथे पांढरा तिथे बदल दिसतो, जिथे काळा तिथे दिसत नाही. `ANG` चा मास्क साडीच्या अंगावर पांढरा आहे, पण काठावर, पदरावर, हातावर, आणि अंगावरच्या प्रत्येक बुट्टीवर काळा आहे. या कामातला सगळ्यात जास्त वेळ या बुट्ट्या खातात. त्या मास्कमधून वगळल्या नाहीत तर अंगाची छटा थोडी हिरवी करायला जावं आणि सोन्याची जर तांबूस पडावी, असं होतं. उलट दिशेला गेलं तर ती हिरवट होते, आणि हिरवट जर पाहून गिऱ्हाईक म्हणतं, ही खोटी आहे.

नव्या रेशमाची साडी विणून आली आणि तिचा रामा पहिल्यापेक्षा किंचित हिरव्याकडे आहे, असं समजा. भाच्यानं काय करायचं ते चिठ्ठीत लिहिलं आहे:

‘साडी दुकानातल्या दिव्याखाली बघू नका. सकाळी दहा-अकराच्या सुमारास दारापाशी, सावलीत, आभाळाच्या उजेडात धरा. मग `ANG` च्या डाव्या बाजूच्या खुणेवर दोनदा क्लिक करा. `Hue` ची पट्टी डावीकडे सरकवा, म्हणजे रामा हिरव्याकडे जाईल. उजवीकडे सरकवली तर निळ्याकडे. उणे ५, उणे ६ एवढ्यानं काम भागायला हवं. रंग फिका वाटला तर `Saturation` ४-५ ने वाढवा. `Lightness` ला हात लावू नका.’

`Lightness` वर माझा राग आहे. उजळ करायचं म्हणून लोक ती पट्टी उजवीकडे ढकलतात, आणि रेशमाच्या चुण्यांतल्या खोल सावल्यांतही पांढरा मिसळतो. साडी उजळत नाही, तिच्यावर दुधाची साय आल्यासारखी दिसते आणि रेशमाचं सुती होतं. उजेड बदलायचाच असेल तर त्याच कप्प्यात `UJED` नावाचा `Curves` थर ठेवला आहे. त्यातल्या तिरक्या रेघेच्या मध्यावर एक बिंदू धरून जरा वर ओढला, की मधल्या छटा उजळतात आणि दोन्ही टोकं, म्हणजे गडद काळं आणि लख्ख पांढरं, जागच्या जागी राहतात.

राणी काठाचंही तसंच. तिथे `Hue` उजवीकडे नेली तर काठ लालसर होतो, डावीकडे नेली तर जांभळ्याकडे झुकतो. दिशा रंगागणिक बदलत असल्यामुळे मी प्रत्येक साडीसाठी ती लिहून देते. पट्टी ओढून बघितली तरी कळतं, पण लिहिलेलं असलं की माणूस बिचकत नाही.

धूपछाव साड्यांसाठी चिठ्ठीत वेगळा परिच्छेद आहे. त्यांत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून चुणीच्या माथ्यावर एक रंग चमकतो आणि कडेला दुसरा. इथे `Hue/Saturation` च्या खिडकीतली `Colorize` ही चौकट सगळ्यात घातक. तिच्यावर टिक पडली की थराखालचे सगळे रंग एकाच रंगात रंगतात. उजेड-सावली शिल्लक राहते, पण दोन धाग्यांचा खेळ संपतो आणि हजारो रुपयांची साडी साध्या सॅटिनसारखी दिसायला लागते. बदलून आलेला धागा एकच असेल, म्हणजे निळा ताणा तोच आणि हिरवा बाणा नवा, तर `Master` लिहिलेल्या यादीतून `Greens` निवडून तेवढाच हलवावा. दोन धागे एकमेकांना रंगानं फार जवळचे असले तर हेही नीट साधत नाही. तेव्हा मला फोन करा असंच लिहिलं आहे.

आता साफसफाईच्या कप्प्याबद्दल, कारण नंतर रंग बदलता येणार की नाही हे तिथेच ठरतं. फोटोतला सुटा दोरा काढायचा म्हणजे शेजारच्या कापडाचा तुकडा त्यावर आणून बसवायचा. हा तुकडा खरा असतो. त्यात फोटोचे ठिपके असतात, नुसती सूचना नसते. रंग आधी जुळवून मग दोरे काढायला बसलं, आणि ब्रशला सगळे थर मिळून दिसणारं चित्र उचलू दिलं, तर ठिगळ रंगवलेल्या कापडाचं येतं. ते रंगाच्या थरांखाली ठेवलं तर त्याच्यावर रंग दुसऱ्यांदा चढतो. वर ठेवलं तर पुढे भाच्यानं पट्टी सरकवली तरी ते जागचं हलत नाही. दोन्हीकडून ठिपका उमटतोच. आज दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतो. म्हणून सफाई नेहमी रंगाच्या खाली, रिकाम्या थरावर करायची, ब्रशच्या `Sample` मध्ये `Current & Below` निवडायचं आणि शेजारचं अ‍ॅडजस्टमेंट लेयर दुर्लक्षित करायचं बटण दाबून ठेवायचं.

घेणाऱ्याला हे तपासता येतं आणि त्यानं ते तपासावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चिठ्ठीतलं वाक्य असं आहे: ‘फाइल मिळाल्यावर `ANG` ची `Hue` एकदा मुद्दाम अधिक ४० पर्यंत ओढा. साडी भलत्याच रंगाची होईल, होऊ द्या. अंगावर कुठे जुन्या रंगाचा ठिपका, पट्टी किंवा कडेला झालर राहिली का ते शंभर टक्के झूम करून बघा. राहिली असेल तर फाइल मला परत पाठवा. बघून झालं की आकडा पुन्हा शून्यावर आणा.’ पैसे देण्याआधी करायची ही परीक्षा आहे. कडेला झालर दिसली तर मास्क नीट कापलेला नाही, मधेच ठिपका दिसला तर सफाई चुकीच्या जागी झाली आहे, आणि बुट्ट्यांनीही रंग बदलला तर त्या वगळायच्या राहून गेल्या आहेत.

झालरीचं आणखी एक कारण असतं आणि ते घेणाऱ्याकडेच घडतं. फोटोशॉपमध्ये माऊसला `Move` हे हत्यार लागलेलं राहतं, क्लिक करताना हात जरा घसरतो आणि थर मास्कसकट चार-पाच ठिपके सरकतो. लगेच लक्षात येत नाही, पण साडीच्या एका कडेला निळसर रेघ आणि दुसऱ्या कडेला रंग न चढलेली पट्टी दिसायला लागते. म्हणून मी सगळ्या थरांची जागा कुलूपबंद करून देते. थरापुढे छोटं कुलूप दिसलं तर ते उघडू नये. आकडे बदलायला त्याची अडचण होत नाही.

किती बदलता येईल याला मर्यादा आहे, आणि ती सांगणं मला चिठ्ठीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. `Hue` मध्ये दहाच्या आतला बदल सहसा खपून जातो. त्यापलीकडे रेशीम स्वतःच चहाडी करतं. रेशमाचा रंग आजूबाजूला सांडतो. शेजारच्या चुणीत, जरीच्या चमकेत, मॉडेलच्या मनगटाखाली, साडीखालच्या पांढऱ्या फरशीवर रामाची झाक पडलेली असते. मास्क तिथे काळा आहे, त्यामुळे अंग निळं केलं तरी फरशीवरची झाक हिरवीच राहते. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, पण फोटो बनावट वाटतो. एका फोटोवरून आठ रंगांच्या साड्या करून द्या अशी मागणी दुकानदारांकडून सर्रास येते. मी ते काम वेगळं धरते, आणि ज्या रंगाची साडी अजून विणलेलीच नाही तिचा फोटो करायला नाही म्हणते.

दुसरी मर्यादा फोटोत काय टिपलं गेलं याची. जरीवर फ्लॅशचा उजेड थेट पडून ती लख्ख पांढरी झाली असेल, तर तिथे सोन्याची माहितीच नाही, आणि जे नाही ते कोणत्याही थरातून परत येत नाही. तिसरी मर्यादा पडद्याची. रामा आणि मोरपंखी हे हिरव्या-निळ्याच्या मधले भरजरी रंग, आणि वेबवर सर्रास वापरली जाणारी एसआरजीबी ही रंगांची चौकट नेमकी तिथेच तोकडी आहे. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती त्या वेळच्या संगणकाच्या पडद्यांना धरून मांडली. हातातल्या साडीचा रामा त्या चौकटीबाहेर पडत असेल, तर भाच्यानं `Saturation` कितीही वाढवली तरी तो पडद्यावर येणार नाही. फक्त चुण्या पुसल्या जातील आणि अंग सपाट होईल. चुण्या जायला लागल्या की थांबायचं, अशी खूण मी लिहून दिली आहे.

मोबाइलचं तर विचारूच नका. गिऱ्हाईक रात्री अंथरुणात फोन हातात घेऊन साडी बघतं, तेव्हा डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा झालेला असतो. त्याला इलाज नाही. पण आपल्याकडे रंग जुळवताना तरी `Night Shift` आणि `True Tone` बंद ठेवावेत, आणि भाच्यानं कॉम्प्युटर खिडकीच्या उन्हातून हलवावा.

फाइली मोठ्या का, असंही काकूंनी विचारलं होतं. एक फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा आहे, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके. मी सोळा बिटमध्ये काम करते, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला सहा बाइट लागतात आणि दाबून न भरलेला नुसता मूळ थरच १४४ एमबी होतो. आठ बिटमध्ये तो निम्मा झाला असता, पण त्यात लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ च पायऱ्या मिळतात. मागच्या मोतिया पडद्यावर उजेड हळूहळू उतरत जातो. तिथे `Curves` जरा जोरात ओढली की त्या पायऱ्या पट्ट्यापट्ट्यांनी दिसायला लागतात. रंग नंतर हलवायचा असेल तर एवढी जागा ठेवावीच लागते. अ‍ॅडजस्टमेंट थरांचं वजन मात्र नगण्य. त्यांत आकडेच असतात, भार असतो तो मास्कचा. म्हणून या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवून उपयोग नाही. मी त्या पेन ड्राइव्हवर दिल्या आणि ड्राइव्हवरही ठेवल्या.

चिठ्ठीतल्या शेवटच्या सूचना जपून ठेवण्याच्या आहेत. फाइल उघडताना फोटोशॉपनं रंगाच्या प्रोफाइलबद्दल विचारलं तर `Use the embedded profile` निवडायचं. दुसरं काही निवडलं तर रंग उघडतानाच बदलतो आणि मग भाचा नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. बदल केला की `14_rama_v2.psd` अशा नव्या नावानं ठेवायचा. `Flatten Image` करून त्याच नावावर सेव्ह करणं म्हणजे पाचही कप्पे कायमचे गमावणं. वेबसाइटसाठी `File > Export > Export As` मधून जेपेग काढायचा, आणि तिथल्या `Convert to sRGB` आणि `Embed Color Profile` या दोन्ही चौकटींवर टिक हवी. लग्नसराईचं पत्रक छापायला द्यायचं असेल तर प्रेसवाल्याला ही पीएसडी देऊ नये, सपाट केलेली प्रत द्यावी. तो छपाईसाठी फाइल सीएमवायकेमध्ये नेतो, तेव्हा काही अ‍ॅडजस्टमेंट थर गळून पडतात आणि साडीचा रंग जुळवण्याआधीचा होऊन छापून येतो.

कॅटलॉगमधल्या एका साडीसमोर मात्र मी `4_TUMCHE` कप्पा ठेवलाच नाही. क्रमांक २७, वांगी रंगाची. काही जांभळे रंग कॅमेऱ्याला डोळ्यापेक्षा वेगळे दिसतात. तांबड्याच्या अगदी टोकाचा जो उजेड तो रंग परत फेकतो, तो सेन्सरपुढची काच बराचसा अडवते, आणि वांगी निळी होऊन येते. एवढंच असतं तर थर वापरून ती तांबड्याकडे आणता आली असती. पण या फोटोत अर्धा उजेड खिडकीतला होता आणि अर्धा दुकानातल्या पिवळ्या दिव्याचा, त्यामुळे पदर जुळवला की निऱ्या बिघडत आणि निऱ्या जुळवल्या की पदर. त्या साडीपुढे मी लिहिलं: ‘हिचा रंग फाइलीत जुळणार नाही. दुकानातले दिवे बंद करून, एकाच उजेडात, शेजारी ग्रे कार्ड ठेवून परत फोटो काढून घ्या. या फोटोच्या रिटचिंगचे पैसे बिलात धरलेले नाहीत.’